निराधार पेन्शनचा अर्ज : नागपुरात कोणता कागद आधी, कोणता शेवटी

आमच्या वस्तीत कोणी विधवा बाई किंवा एकटे म्हातारे गृहस्थ निराधारच्या पैशांबद्दल विचारायला आले, की हातात आधीच काढलेला उत्पन्नाचा दाखला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, "आधी इन्कमचा काढून घ्या, बाकी मग पाहू." बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, ३१ मार्चला त्याची मुदत संपते. वयाचा आणि रहिवासाचा कागद जमेपर्यंत मार्च उलटला, तर तोच दाखला पुन्हा काढावा लागतो. म्हणून माझा क्रम असा आहे : आधी वय, मग पतीचा मृत्यू दाखला, मग १५ वर्षांचा रहिवास आणि सगळ्यात शेवटी उत्पन्न. बँकेचं काम या सगळ्यासोबत चालू ठेवायचं.

पुढचं समजायला एक उदाहरण घेऊ. पाचपावलीत एका खोलीत राहणाऱ्या एक आजी. जन्म मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या खेड्यात, लग्न होऊन नागपुरात आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पती कळमना मार्केटला हमाली करायचे, ते मेडिकलमध्ये वारले. मुलगा बुटीबोरीला एमआयडीसीत कामाला आहे, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. आजी दोन घरची भांडी घासतात. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६४ आहे, मतदार कार्डाच्या हिशेबाने जन्म १९५८ चा निघतो, आणि आजींना विचारलं तर त्या म्हणतात, "मले काय माहीत बाप्पा, सत्तरच्या आसपास असन." नागपुरात अशी कागदपत्रं घरोघरी आहेत, म्हणून मुद्दाम हेच उदाहरण.

आधी ठरवा, कोणती योजना

लोक ‘निराधार’ असं एकच नाव घेतात, पण तहसीलमध्ये फॉर्म दोन योजनांचे असतात. ६५ वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, गंभीर आजारी अशा निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. जुलै २०२३ पासून दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० झाली आहे, त्यामुळे विधवा बाईकडे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर अर्ज कोणत्या प्रवर्गातून करायचा हे फॉर्म भरण्याआधीच विचारून घ्या.

दोन्ही योजनांच्या मुख्य अटी सारख्याच आहेत : महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. (दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे.) श्रावणबाळमध्ये दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर गट अ, नसेल पण उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर गट ब. गट अ मध्ये पैशाचा काही वाटा केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून येतो, ६५ ते ७९ वयाला २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये, उरलेले राज्य घालतं. हातात येणारे पैसे तेवढेच. तेव्हा "आपलं बीपीएलमध्ये नाव नाही" म्हणून परत फिरू नका. आणखी एक : पिवळं रेशन कार्ड असणं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गट अ साठी यादीचा साक्षांकित उतारा लागतो.

लाडक्या बहिणीचे पैसे घेणाऱ्या बायका हमखास विचारतात, "दोन्ही भेटन का?" नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतात. रक्कम सारखी असल्यामुळे ६५ च्या आतल्या विधवेला धावपळ करून योजना बदलण्यात तसा फायदा नाही. पण लाडकी बहीण ६५ पर्यंतच आहे आणि तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. ६५ नंतर श्रावणबाळमध्ये यायचं तर मर्यादा एकदम २१,००० वर येते आणि १५ वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. चौसष्टावं लागलेल्या बाईने कागद तेव्हापासूनच जमवायला घ्यावेत.

वयाचा कागद

वयासाठी यांतला एक कागद चालतो : महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीतला उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्डात किंवा मतदार यादीत लिहिलेल्या वयाचा उतारा, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरने दिलेला वयाचा दाखला. खासगी डॉक्टरचं पत्र यात बसत नाही, लेटरहेड कितीही मोठं असो.

आधार ओळखीसाठी आणि पैसे जमा होण्यासाठी लागतंच, पण ते जन्मतारखेचा पुरावा म्हणून काढलेलं कार्ड नाही. अडचण वेगळीच आहे. अर्ज ऑनलाइन भरताना वय आधारशी पडताळलं जातं. हातातला कागद ६८ सांगतो आणि आधार ६२, तर अर्ज तिथेच थांबतो. कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख दिसते, कारण नोंदणी करताना ऑपरेटरने अंदाजे वर्ष विचारून घेतलेलं असतं.

इथे बहुतेक जण आधारची तारीख दुरुस्त करायला पळतात. माझं म्हणणं, आधी थांबून हिशेब करा. आपल्या उदाहरणातल्या आजी विधवा आहेत. आधारप्रमाणे त्या ६५ च्या आत आहेत, म्हणजे संजय गांधी योजनेत विधवा म्हणून बसतातच. रक्कम तीच. मग वय वाढवून घेण्यासाठी भांडायचं कशाला? आधारप्रमाणेच अर्ज करायचा. आधारच्या हिशेबाने १ जानेवारी २०२९ ला ६५ पूर्ण होतील, तेव्हा त्यांचं प्रकरण श्रावणबाळमध्ये वर्ग होईल. त्या सुमाराला एकदा जाऊन विचारायचं, म्हणजे मधे हप्ता अडकला तर लगेच कळेल.

पुरुषाचं मात्र तसं नाही. धडधाकट, दिव्यांग नसलेला, गंभीर आजार नसलेला म्हातारा माणूस ६५ च्या आत कोणत्याच प्रवर्गात बसत नाही. त्याच्या आधारवर वय चार वर्षांनी कमी पडलं असेल तर चार वर्षांचे पैसे गेले. त्याने दुरुस्ती करायलाच हवी, आणि जपून करायला हवी, कारण आधारची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. त्यासाठी आधी पक्का कागद हातात हवा. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीपर्यंत जरी शिकले असतील, तरी दाखलखारीज रजिस्टरमध्ये नाव निघतं. शाळा बंद पडली असेल तर तिचं रेकॉर्ड कुठल्या शाळेकडे दिलं ते शिक्षण विभागात विचारायचं. हे रजिस्टर चाळायला कर्मचाऱ्यांना वेळ लागतो, तेव्हा प्रवेशाचं अंदाजे वर्ष आणि वडिलांचं नाव लिहूनच अर्ज द्या.

पतीचा मृत्यू दाखला

विधवेच्या अर्जात हा नसेल तर पुढे काहीच सरकत नाही. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, तो जिथे राहायचा तिथे होत नाही. घर आशीनगर झोनमध्ये असलं तरी मृत्यू मेडिकलला झाला असेल, तर नोंद त्या रुग्णालयाकडून, त्या हद्दीच्या नोंदणीत गेलेली असते. घराजवळच्या झोन कार्यालयात "नोंद नाही" असं उत्तर मिळालं, की लोक नोंदच झाली नाही असं समजतात. आधी रुग्णालयाचा कागद काढून मृत्यूची तारीख आणि वॉर्ड पाहा आणि त्याच हद्दीत विचारा.

खरा त्रास होतो तो गावी वारलेल्यांच्या बाबतीत. आजारी माणसाला शेवटी बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया असं गावी नेतात, तिथे घरीच मृत्यू होतो आणि ग्रामपंचायतीत कुणी कळवतच नाही. मृत्यूला वर्ष उलटलं असेल तर निबंधक स्वतःहून नोंद करत नाही. त्यासाठी त्या भागातल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मृत्यूसाठी तिकडचाच. शपथपत्र, स्मशानघाटाची पावती किंवा सरपंचाचं पत्र, नातेवाइकांचे जबाब असं सगळं घेऊन गावी जावं लागतं. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. हा कागद बाकी असेल तर बाकीचे दाखले काढायची घाई करू नका.

दाखला हातात आला की नावं वाचा. मृत्यू दाखल्यावर पतीचं नाव जसं आहे, तसंच ते आधारवर आजींच्या नावापुढे आहे का? एका ठिकाणी ‘रामचंद्र’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रामाजी’ असेल तर त्रुटी निघते. नुसता ‘बाई’चा फरक, जसं कौसल्या आणि कौसल्याबाई, एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याच्या स्वयंघोषणापत्राने निभावतो. आख्खं नावच वेगळं असेल तर आधी दुरुस्ती.

पंधरा वर्षं नागपुरातच होतो, हे कसं दाखवायचं

नागपूर मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे आणि इथल्या बांधकामांवर, बाजारांत, मिलमध्ये बालाघाट, शिवनी, छत्तीसगडकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला आली. त्यामुळे ‘मूळ कुठले?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. घाबरायचं कारण नाही. अट १५ वर्षांच्या रहिवासाची आहे, जन्माची नाही.

रहिवासी दाखला तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार यांच्याकडून मिळतो. (आपल्याकडे अजूनही सगळे पटवारीच म्हणतात, आणि सरकारने आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं आहे. तिन्ही एकच.) नगरसेवकाचं किंवा मोहल्ला कमिटीचं पत्र सोबत जोडायला हरकत नाही, पण ते या दाखल्याच्या जागी चालत नाही. आणि सेतूवर ‘अधिवास’ आणि ‘रहिवासी’ हे दोन वेगळे दाखले आहेत, कोणता हवा आहे ते स्पष्ट सांगा. अधिवास प्रमाणपत्राला जन्माचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजींकडे नेमका तोच नाही.

आधारवरचा नागपूरचा पत्ता आज तुम्ही इथे आहात एवढंच सांगतो. दाखला देणाऱ्याला पंधरा वर्षांपूर्वीचा एक कागद, आत्ताचा एक आणि जमल्यास मधला एक असे लागतात. जुन्यांत सगळ्यात भक्कम म्हणजे जुनं रेशन कार्ड आणि जुन्या मतदार यादीतलं पान. मतदार यादीच्या प्रतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारायचं, विधानसभा मतदारसंघ आणि जुना पत्ता सांगितला तर शोध सोपा जातो. त्याखेरीज वीज बिल, महापालिकेची घरटॅक्स पावती, झोपडपट्टीचं ओळखपत्र, बँकेचं किंवा पोस्टाचं जुनं पासबुक. भाड्याने राहणाऱ्यांकडे यातलं काहीच स्वतःच्या नावावर नसतं. त्यांच्यासाठी मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला फार कामाचा, कारण त्यावर प्रवेशाची तारीख असते, सोडल्याची तारीख असते आणि आईचं नाव असतं. आपल्या आजींच्या मुलाने नागपुरातल्या शाळेत पहिली ते आठवी केली असेल, तर त्या एका कागदाने आठ वर्षं भरून निघतात. पुढच्या वर्षांसाठी पासबुक आणि वीज बिल.

आता कामाची सूचना. रेशन कार्ड बदलायचं किंवा वेगळं करायचं असेल (पुढे त्याची गरज पडणार आहे), तर जुनं कार्ड जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढून ठेवा. तारीख आणि शिक्का असलेलं पान तर नक्कीच. नवीन कार्डावर नवीन तारीख येते, आणि पंधरा वर्षांचा तुमचा सगळ्यात चांगला पुरावा कार्यालयाच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो.

उत्पन्नाचा दाखला, आणि खरी अडचण

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्याही आत. नागपुरात एका वेळच्या जेवणाचा आणि ऑटोच्या भाड्याचाच हा हिशेब झाला. मर्यादा इतकी खाली आहे की थोडंफार कमावणारा मुलगा कागदावर सोबत दिसला, तरी अर्ज बाद होतो. पाहिलं जातं ते कुटुंबाचं उत्पन्न, आणि कुटुंबात कोण कोण आहे हे आधी रेशन कार्डावरून बघतात.

आपल्या आजी राहतात पाचपावलीत एकट्या, पण नाव अजून मुलाच्या रेशन कार्डावर. मुलाचा पगार महिन्याला १३,००० धरला तर वर्षाचे १,५६,००० होतात. आजींनी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाकला की दाखला १,५६,००० आणि त्यांचे स्वतःचे मिळून निघणार. तो जोडला की अर्ज तिथेच संपला. म्हणून दाखल्याआधी रेशन कार्ड. शहरात अन्न पुरवठा विभागाची झोनवार कार्यालयं आहेत. तिथे मुलाच्या कार्डातून नाव कमी करून घ्यायचं, त्याचा दाखला घ्यायचा आणि पाचपावलीच्या पत्त्यावर आजींच्या नावाने वेगळं कार्ड मागायचं. सोबत खोलीचं भाडेपत्र किंवा घरमालकाचं संमतीपत्र आणि वीज बिल.

हे फक्त खरोखर वेगळं राहणाऱ्यांसाठी सांगतो आहे. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवून कागदावर वेगळं झालात, तर चौकशीला आलेल्या पटवाऱ्याला शेजारीच सांगतात. स्वयंघोषणापत्र खोटं निघालं तर गुन्हा आहे, आणि मिळालेल्या पैशांची वसुलीही होऊ शकते. सोबत राहणारा मुलगा खरंच कमावत असेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. कडू आहे, पण धावपळ करण्याआधी कळलेलं बरं. मुलगा कमावतो आणि आईला बघत नाही, अशी तक्रार असेल तर तिचा रस्ता वेगळा आहे : ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

कार्ड झालं की उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूवर, आपले सरकार केंद्रावर किंवा aaplesarkar.mahaonline.gov.in वर करता येतो. दाखला तहसीलदाराचा असतो, त्याआधी पटवाऱ्याचा अहवाल लागतो. सोबत ओळखपत्र, पत्ता, रेशन कार्ड आणि स्वयंघोषणापत्र. "पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा" असं कोणी म्हणालं तर थांबा. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क सरकारने माफ केलं आहे, साधा कागद चालतो.

उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर मी थोडा हट्टी आहे. पुष्कळजण शून्य लिहितात किंवा केंद्रवाला लिहून देतो. पटवारी विचारतो, "मग खाता काय जी?" आणि उत्तर देताना आजी सांगतात, दोन घरची भांडी घासते. अहवाल आणि अर्ज जुळत नाहीत. त्यापेक्षा खरं लिहा. दोन घरचे ६०० आणि ६०० मिळून महिन्याला १,२००, म्हणजे वर्षाचे १४,४००. मर्यादेच्या आत आहे आणि विचारलं तर सांगताही येतं. मुलगा अधूनमधून पैसे देत असेल तर तेही सांगा.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी यादीचा साक्षांकित उतारा चालतो. तेव्हा या सगळ्या भागातून तुमची सुटका.

बँक

पैसे थेट खात्यात येतात, आणि तेही आधारशी जोडलेल्या खात्यात. खात्याला आधार क्रमांक दिला आहे म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. पण एका आधारवर सरकारी पैसे एकाच खात्यात पाठवण्याची नोंद असते आणि ती शेवटी ज्या बँकेत केली त्याच बँकेची राहते. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला ती नोंद असेल, तर पैसे तिकडे जाऊन परत फिरतात आणि आजी मात्र हातातल्या पासबुकावर एन्ट्री मारत बसतात. myaadhaar.uidai.gov.in वर "Bank Seeding Status" उघडलं की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात तेवढं काम करून घ्या, पुढेही ओटीपी लागतच राहतो. नंबर मुलाचा किंवा नातवाचा दिलात तर तो बदलणार नाही याची खात्री असू द्या.

खातं एकट्याच्या नावाचं ठेवा. जनधन खातं चालतं, पण वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. बँकेत जाऊन केवायसी करा, शंभर रुपये भरून एकदा काढा. भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा मशीनवर येत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागा.

अर्ज दिल्यावर

शहरातल्या लोकांचा अर्ज नागपूर शहर तहसीलच्या संजय गांधी योजना विभागाकडे जातो, वाडी, हिंगणा, कामठी या भागांत राहणाऱ्यांनी आपापलं तहसील पाहावं. अर्ज केंद्रातून ऑनलाइन भरला तरी छापील प्रत, अर्ज क्रमांक आणि पोच घ्या. क्रमांक नसलेला अर्ज दिला की नाही, हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. सगळ्या कागदांचा एक संच घरी ठेवा, मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नका. "साहेबांशी ओळख आहे, तीन हजारात करून देतो" म्हणणारे कार्यालयाबाहेर भेटतात. अर्ज मंजूर करणं त्यांच्या हातात नसतं.

छाननी झाली की चौकशी होते. पटवारी किंवा कर्मचारी घरी येतो, किंवा बोलावतो. त्या दिवशी आजी स्वतः हजर हव्यात, सून किंवा शेजारीण नको. सांगायचं ते सरळ : कोण राहतं, काय कमवता, पती कधी वारले, किती वर्षांपासून इथे आहात. त्यानंतर प्रकरण तालुका समितीपुढे जातं. पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य सचिव म्हणून तहसीलदार अशी ही समिती असते. बैठक कधी होईल त्यावर तुमचा निकाल अवलंबून. समितीच नेमलेली नसेल किंवा निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल, तर प्रकरणं साचतात. अशा वेळी अर्जात चूक आहे असं समजून दुसरा अर्ज टाकू नका, एकाच आधारवर दोन अर्ज झाले की दोन्ही अडकतात. फक्त विचारा, "प्रकरण त्रुटीत आहे, चौकशीत आहे की समितीपुढे आहे?" या प्रश्नाला कारकुनाला एका शब्दात उत्तर देता येतं.

त्रुटीत असेल तर कोणता कागद हवा ते लेखी मागा. तोंडी सांगितलेलं पुढच्या वेळी बदलतं. बरेच महिने काहीच कळलं नाही, तर माहिती अधिकारात दोन ओळींचा अर्ज करा : अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली आणि तो कोणत्या बैठकीत ठेवला. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. शिवाय सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे तक्रार नेताना तहसीलला दिलेल्या अर्जाची पोच जोडा.

नामंजूर झालं तर कारण वाचा. ‘उत्पन्न जास्त’ असेल तर दाखल्यातल्या आकड्यामुळे की घरच्या चौकशीतून, हे विचारून घ्या. आकडा चुकला असेल तर दाखला दुरुस्त करून नव्याने अर्ज करता येतो. ‘रहिवास सिद्ध नाही’ असेल तर मधल्या वर्षांचा आणखी एक कागद शोधायचा. शाळेचा दाखला बहुतेकदा तिथेच उपयोगी पडतो.

मंजुरीनंतर

पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत नाहीत. कधी दोन महिने येत नाहीत आणि मग एकदम जमा होतात, निधी आला की वाटप होतं. पण शेजारणीचे आले आणि तुमचे नाहीत, असं दोनदा झालं तर आधी बँक आणि आधारची जोडणी तपासा, नंतर तहसील.

दर वर्षी हयातीची पडताळणी होते. ती राहून गेली की हप्ता बंद होतो, नाव कापल्याचं कुणी घरी सांगायला येत नाही. विधवेने पुनर्विवाह केला तर पेन्शन थांबते आणि ते कळवायचं असतं. नागपुरातच घर बदललं, म्हणजे पाचपावलीहून हुडकेश्वरला गेलात, तरी नवा पत्ता विभागात लिहून द्या. पडताळणीला आलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर तुम्ही सापडला नाहीत, तर तो ‘लाभार्थी आढळला नाही’ असा शेरा मारून जातो, आणि तो काढायला पुन्हा रहिवासी दाखल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.